ताकाला जागा

जेवताना 'नको' म्हणायला शिकायचं असेल तर माणसाने रामटेकला जावं. पुण्या-मुंबईकडे ही विद्या आता राहिलेली नाही, कारण तिकडे 'घ्या ना' म्हणणारंच कोणी उरलेलं नाही. तिकडे भांडी टेबलावर मांडतात आणि म्हणतात, 'हवं ते घ्या हं, लाजू नका.' यात पाहुण्याची सोय आहे हे मान्य, पण खेळ नाही. समोरून गोलंदाजीच होत नसेल तर फलंदाजी काय करायची? रामटेकला माझी मावशी आहे, आणि पोळीचं ताट हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभी राहिली की पंगतीतले जुनेजाणते लोक मांडी नीट घालून बसतात.

आता, नको म्हणायचं म्हणजे 'नको' म्हणायचं, एवढंच ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे. मुळात 'नको' हा शब्द मोठा करारी आहे. 'जाऊ नको', 'बोलू नका', 'हात लावू नकोस' असं आपण मनाई करायला जो शब्द वापरतो, तोच ताटावर हात आडवा धरून वापरतो. हैदराबादकडच्या दखनी बोलीने आपल्याकडून नेमका हाच शब्द उचलला आणि त्याचं 'नक्को' केलं. एक ककार जास्त घातला, म्हणजे त्याची मूळची धार त्यांच्याही लक्षात आली असणार. म्हणून सराईत जेवणारा नुसतं 'नको' कधी म्हणत नाही. तो म्हणतो 'पुरे', 'बास', 'झालं', 'आता अगदी भरून पावलं'. या शब्दांत आणि 'नको'मध्ये एक बारीक फरक आहे. 'नको' हे माझ्याबद्दलचं विधान आहे. 'पुरे' हे तुमच्याबद्दलचं आहे. तुम्ही इतकं वाढलंत की ते पुरलं. 'पुरे'ने वाढणारीच्या पातेल्याला प्रशस्तिपत्र मिळतं. 'नको'ने ते परत जातं.

सगळ्या नकारांचं व्याकरण एवढ्याशा गोष्टीत आहे. दोष स्वतःच्या पोटाला द्यायचा, पदार्थाला नाही आणि वाढणाऱ्या हाताला तर नाहीच नाही. चहा नको असेल तर 'आत्ताच झाला'. म्हणजे दोष वेळेचा. पोळी नको असेल तर 'जागाच नाही'. म्हणजे दोष पोटाचा. सरळ 'मला पुरणपोळी आवडत नाही' असं म्हणणारा मनुष्य रामटेकात मी पाहिलेला नाही. झालाच असेल तर त्याला गडावरून परत येऊ दिलं नसावं.

इथपर्यंत सगळं मराठीतल्या मराठीत चाललं आहे. खरी पंचाईत नकाराचं भाषांतर करायची वेळ येते तेव्हा होते. रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, मध्य प्रदेशाच्या तोंडाशी. शिवणी, छिंदवाडा, जबलपूर इकडच्या सोयरिकी होतात, आणि मग पंगतीत एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी. इकडचा माणूस 'नको'चं शब्दशः हिंदी करून 'नहीं चाहिए' म्हणतो. व्याकरणात चूक काही नाही. पण 'नहीं चाहिए' आपण दारावर आलेल्या चादरवाल्याला म्हणतो, समधीणबाईंना नाही. हिंदीत 'बस, बस' म्हणावं, 'हो गया' म्हणावं, फार तर 'रहने दीजिए' म्हणावं. 'बस' हा शब्द फारसीतून आला. त्याचंच मराठीत 'बास' झालं, आणि 'पुरे' इतकाच तो सभ्य आहे. मात्र त्यातही एक खड्डा आहे. एका लग्नात जबलपूरचे व्याही ताटावर हात धरून 'बस, बस, बेटा' म्हणाले, आणि जिलेबी वाढणारी पुण्याची सहा वर्षांची चिमुरडी परात सांभाळत मुकाट्याने त्यांच्या शेजारी खाली बसली. व्याही पुन्हा म्हणाले, 'अरे बस!' ती म्हणाली, 'बसलेय की!'

पण हे झालं भाषाभगिनींचं. काही वर्षांपूर्वी मावशीकडे एक जर्मन पाहुणा जेवायला आला, त्या जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. रामटेकात जर्मन माणूस कशाला, असं विचारू नका. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडून ठेवलं आहे. त्यात १९९७ साली कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही इथे झालं. तेव्हा संस्कृत शिकलेला परदेशी मनुष्य अधूनमधून गडावर दिसतो. हा गृहस्थ मावशीच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांचा पाहुणा. मास्तर आयुष्यभर संस्कृत शिकवत आलेले. मावशीने मास्तरांसकट त्याला पुरणपोळीचं आवतण दिलं. दुभाष्याचं काम मावशीच्या नातवाकडे, कारण तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि इंग्रजीत त्याचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. माझ्याकडे वरणाचं भांडं होतं, त्यामुळे मला सगळं जवळून पाहता आलं.

पहिल्या दोन पोळ्या बिनबोभाट गेल्या. विदर्भातली पुरणपोळी म्हणजे कागदाचा कपटा नव्हे. आत पुरण असं की पोळी उचलताना मनगटाला कळतं, आणि वर तुपाची वाटी. मग मावशी तिसरी घेऊन आली. पाहुणा हसून, मान किंचित हलवून म्हणाला, 'थँक्यू.' नातू म्हणाला, 'आजी, ते थँक्यू म्हणतायत.' मावशीने एकाच्या जागी दोन वाढल्या. तीन वाढायच्या नसतात, म्हणून दोनच.

बिचाऱ्याने नको म्हटलं होतं! जर्मन भाषेत कोणी काही देऊ केलं आणि आपण नुसतं 'डांके' म्हणजे 'आभार' म्हटलं, तर त्याचा अर्थ 'नको' असा होतो. हवं असेल तर तिकडे 'बिट्टे' म्हणतात. त्याने मनातल्या 'डांके'चं इंग्रजी 'थँक्यू' केलं. नातवाने त्या 'थँक्यू'चं मराठी केलं. दोघांचंही भाषांतर बिनचूक होतं, आणि दोन पोळ्या ताटात आल्या.

त्याने त्या संपवल्या. ताट लख्ख केलं. इथे दुसरा घोटाळा झाला. त्याच्या घरी लहानपणापासून शिकवण अशी असणार की ताट स्वच्छ केलं म्हणजे जेवण झालं आणि आवडलं. आपल्याकडेही अन्न टाकू नये हीच शिकवण, पण रिकामं ताट म्हणजे वाढणारणीला बोलावणं. ताट रिकामं दिसलं आणि वाढलं नाही, तर कमीपणा तिच्याकडे. तो सभ्यपणाने ताट रिकामं करी, ती सभ्यपणाने ते भरी. या चक्राला आपापतः शेवट नाही. दोन सभ्य माणसं एकमेकांना अशीच मारू शकतात. आपल्यातला जुना जेवणारा हे जाणून असतो. तो शेवटचा घास ताटात शिल्लक असतानाच हात आडवा धरतो, 'बास' म्हणतो, आणि मग तो घास सावकाश खातो. वेळ चुकली की शब्दांचा उपयोग नाही.

पाचव्या पोळीला पाहुण्याने कंबर कसली आणि स्पष्ट इंग्रजीत सांगितलं, 'नो, थँक्यू. आय ॲम फुल. इट वॉज व्हेरी गुड.' इंग्रजीत याहून नम्र बोलायची सोय नाही. नातवाने त्याचं मराठी केलं, 'आजी, त्यांना नको आहे. त्यांचं पोट भरलंय. चांगलं होतं म्हणतायत.'

मावशीचा चेहरा पडला. 'होतं'? माणूस गेल्यावर म्हणतात, बाई चांगली होती. समोर ताट मांडलेलं, पोळी हातात, तव्यावर दुसरी, आणि 'होतं'? आणि 'आभारी आहे'चं तर मराठीत असं आहे की ते सभेच्या शेवटी अध्यक्ष म्हणतात. घरात कोणी म्हटलं की समजावं, आता हा उठून जायला निघाला. इंग्रजीत जो शब्द नकाराला मऊ करतो, तोच मराठीत येऊन नकाराला कुलूप लावतो.

मावशी म्हणाली, 'काहून जी? आवडलं नाही वाटते आमच्या इकडचं. काहीच तं जेवले नाही तुम्ही.'

नातवाने हेही इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. पाहुणा हादरला. तो पोळ्या मोजू लागला. 'चार,' तो म्हणाला, 'मी चार खाल्ल्या.' आवडलं नाही हा आरोप त्याने गंभीरपणे नाकारला, आणि काय काय आवडलं त्याची क्रमवार यादी दिली. त्या यादीत पोळीचं नाव पहिलं आलं, साहजिकच मावशीने पाचवी पोळी पुढे केली. त्या पोराला हे कोणीतरी सांगायला हवं होतं की 'आवडलं नाही वाटतं' हा प्रश्न नसतो आणि 'काहीच जेवला नाहीत' ही तक्रार नसते. ही दोन्ही वाक्यं म्हणजे पोळीबरोबर वाढायचं तूप. त्याचं भाषांतर करायचं नसतं. फार तर इंग्रजीत एवढंच सांगावं की बाईंना तुम्ही आल्याचा फार आनंद झाला आहे.

शेवटी पाहुण्याने इंग्रजीला रामराम ठोकला आणि हात जोडून आपल्या हक्काच्या भाषेत म्हणाला, 'अलम्! अलं पोलिकया!'

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मग ते मावशीला समजावू लागले, 'अलम् म्हणजे पुरे. पण याला तृतीया लागते हं. ते पोलिकया म्हणाले म्हणून वाचले. चुकून पोलिकायै म्हणाले असते, चतुर्थी लावून, तर अर्थ उलटा झाला असता. पोळीला मी भारी आहे, येऊ दे आणखी! एका विभक्तीचा प्रश्न आहे.' पाहुण्यानेही मान डोलावली. दोन पंडितांचं एकमत झालं, पण मावशीच्या हातातली पोळी तशीच तरंगत होती, कारण विभक्तीने आजवर कोणाचं वाढप थांबलेलं नाही.

तेव्हा मास्तर व्याकरण सोडून माणसात आले. म्हणाले, 'ताई, ते काय म्हणतायत सांगू? पोळी अशी झाली की भान राहिलं नाही. आता ताकाला तेवढी जागा ठेवली आहे. ताक वाढा.'

आणि मावशी हसली. पोळी ताटलीत परत ठेवून ती ताकाचा गंज आणायला आत गेली. इतका सोपा शेवट! कारण ताक म्हणजे जेवणाचा पूर्णविराम, हे तिला पोथीइतकं पाठ होतं. ताक मागणारा पाहुणा नाही म्हणतच नाही, तो मागतोच आहे. पण असं काहीतरी मागतो की त्याच्यापुढे पोळी येऊ शकत नाही. आपल्या भाषेत मला ठाऊक असलेला सर्वांत देखणा नकार हाच आहे.

नातू मात्र रुसला. हात धुताना तो मला म्हणाला, 'मामा, ते ताकाचं काही बोलले नव्हते. मास्तरांनी मनचं घातलं. हे खोटं नाही का?'

पोरगा हुशार आहे, आणि प्रश्न काही हसण्यावारी न्यायचा नव्हे. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, जेवल्यावर पडल्या पडल्या. पाहुण्याच्या वाक्यात दोन ओझी होती. एक, मला आता खाववत नाही. दुसरं, तुमच्याबद्दल मला आदर आहे. नातवाने पहिलं ओझं सुखरूप पोचवलं आणि दुसरं वाटेत सांडलं. नुसतं सांडलं नाही, त्या जागी अपमान ठेवला, जो पाहुण्याच्या मनात नव्हता. शब्द सगळे खरे आणि निरोप खोटा. मास्तरांचे शब्द पदरचे, पण निरोप खरा. तेव्हा खोटं कोण बोललं, हे मी त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, 'मग उद्या तुम्ही काहीही सांगाल!' हेही खरंच. म्हणून मी एक मर्यादा घालून घेतली आहे. दुभाष्याने कारण बदलावं, उत्तर बदलू नये. आणि कारण असं द्यावं की पाहुण्याला ते निभावता येईल. त्याला ताक पचत नसतं तर मास्तरांनी त्याला पोळीतून काढून ताकात बुडवलं असतं. पंगतीला बसण्यापूर्वी एक शब्द विचारलेला बरा. 'आज उपवास आहे' असलं कारण तर परक्याच्या वतीने कधी देऊ नये. पुढच्या मिनिटाला साबुदाणा भिजत पडतो.

पण या सगळ्या गोडव्याला एक कडू टोक आहे, तेही सांगितलं पाहिजे. आपण सगळे खोट्या-खोट्या नकारांची नाणी इतकी उधळतो की ज्याच्याकडे खरं नाणं आहे त्याचंही कोणी घेत नाही. आमच्या एका काकांना मधुमेह. पंगतीत ते म्हणत, 'नको हो, मला साखर आहे.' वाढणारी म्हणे, 'आजच्या दिवस काही होत नाही, एवढीशी तं आहे.' काकांना 'नको' तीनदा म्हणायचा नियम ठाऊक, तिलाही ठाऊक. म्हणून तिसऱ्या नकोपर्यंत ती थांबे आणि मग निर्धास्तपणे वाढे. आणि अन्न टाकायचं नाही म्हणून काका खात. पुढे पायाची जखम चिघळून त्यांची दोन बोटं काढावी लागली. त्या पोळ्यांनीच ती गेली असं मी म्हणत नाही. घरीही ते साधे नव्हते. पण त्यांच्या 'नको'ला पंगतीत किंमत नव्हती, हे मी पाहिलेलं आहे. दवाखान्यात भेटायला आलेल्यांत वाढणाऱ्या बहुतेक जणी होत्या, आणि एकीच्या डब्यात शिरा होता. त्या आजारानंतर काकूने रीत बदलली. ती पंगत बसायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन वाढणारीला बाजूला घेई आणि सांगे, 'यांना गोड वाढायचं नाही. ते मागतील, तरी नाही.' खरा नकार चारचौघांत ताटावर देता येत नाही. तिथे तो खेळातलाच वाटतो. तो चुलीपाशी, कानात, आधी द्यावा लागतो. आणि नातवासारख्याने तो अगदी शब्दशः सांगावा. तिथे ताकाची कविता कामाची नाही.

असो. जर्मन पाहुण्याचं एक राहिलं. निघताना मावशीने त्याच्या पुढ्यात पितळी समई ठेवली. चांगली हातभर उंच, तिच्या सासूच्या वेळची. वस्तू नाकारायची रीत आपल्याकडे आणखी बिकट. मुलाच्या हातावर कोणी दहाची नोट ठेवली की आई 'नको, नको, कशाला उगाच' म्हणते आणि मूल मूठ मिटतं. दोघंही आपापलं काम चोख करतात. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात आणि खाली आहेराची वही घेऊन एक मेहुणा बसवलेला असतो. त्यामुळे 'कशाला उगाच' याचा अर्थ 'द्या' असाच होतो. पाहुण्याच्या विमानात सामानाचं वजन ठरलेलं, आणि समई पाच किलोची तरी असेल. नातवाने तोंड उघडलं, पण मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पाहुण्याशी संस्कृतात काही कुजबुजले. मग पाहुण्याने समई दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली, आणि मावशीच्या देवघरात नेऊन ठेवली.

मास्तर म्हणाले, 'ताई, समई त्यांना पोचली. आता ती त्यांची. पण तिकडे वात कोण लावणार? ते म्हणतायत, माझी म्हणून तुमच्याकडे ठेवा.'

नारळ मात्र त्याला न्यावाच लागला. तिथे मास्तरांचंही काही चाललं नाही. आणि समई अजून मावशीच्या देवघरात आहे. दिवाळीत ती घासूनपुसून लावते आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायांना सांगते, 'हात नका लावू बाई, जर्मनीची आहे.'